अकरा ‘हॅड’, एक रोगी आणि उशिरा आलेले डॉक्टर

इंग्रजीत एक शब्द लागोपाठ अकरा वेळा लिहूनही वाक्य शुद्ध राहू शकतं. तो शब्द म्हणजे ‘हॅड’. कोड्यातली गोष्ट अशी, की जेम्स आणि जॉन या दोन मुलांना सर्दी झालेल्या एका माणसाबद्दल एक वाक्य लिहायला सांगितलं. जॉनने लिहिलं, ‘द मॅन हॅड अ कोल्ड’. जेम्सने लिहिलं, ‘द मॅन हॅड हॅड अ कोल्ड’. बाईंना जेम्सचं वाक्य जास्त पसंत पडलं. आता हा सगळा प्रसंग एका दमात सांगायचा तर तो असा होतो:

‘जेम्स, व्हाइल जॉन हॅड हॅड “हॅड”, हॅड हॅड “हॅड हॅड”, “हॅड हॅड” हॅड हॅड अ बेटर इफेक्ट ऑन द टीचर.’

जॉनने जिथे ‘हॅड’ वापरला होता तिथे जेम्सने ‘हॅड हॅड’ वापरला होता, आणि बाईंवर जास्त छाप ‘हॅड हॅड’ची पडली होती, एवढाच अर्थ. स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं काढून टाकली की अकरा ‘हॅड’ एका रांगेत उभे राहतात आणि वाचणाऱ्याला घाम फुटतो. पण या कोड्यात खरी मजा मोजणीची नाही. साधा भूतकाळ बरोबर की पूर्ण भूतकाळ, हाच त्या दोन मुलांमधला वाद आहे, आणि त्या एकट्या वाक्यावरून त्याचा निकाल लागूच शकत नाही. त्यासाठी दुसरी घटना हवी. ‘ही लुक्ट टायर्ड बिकॉज ही हॅड अ कोल्ड’ म्हटलं, तर तो थकलेला दिसत होता तेव्हा नाक वाहतच होतं. ‘ही लुक्ट टायर्ड बिकॉज ही हॅड हॅड अ कोल्ड’ म्हटलं, तर सर्दी येऊन गेली होती, थकवा मागे राहिला होता. एका ‘हॅड’ने माणूस बरा झाला!

रोगी मेला, पण ‘हॅड’शिवाय चालेल का?

आपल्याकडे इंग्रजी शिकलेल्या पिढ्यान् पिढ्यांनी एका रोग्याला मरताना पाहिलं आहे. ‘द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.’ डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता. या वाक्यावरून नियम पाठ होतो, की भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधी घडलेलीला ‘हॅड’ आणि नंतरचीला साधा भूतकाळ. मग पेपरात कुणी ‘द पेशंट डाइड बिफोर द डॉक्टर केम’ लिहिलं, तर त्यावर लाल रेघ येते.

ती लाल रेघ चुकीची आहे. ‘हॅड’ नसलेलं वाक्यही पूर्ण शुद्ध आहे. कारण कोण आधी आणि कोण नंतर, हे सांगायचं काम ‘बिफोर’ने आधीच केलेलं आहे. ‘आफ्टर’चंही तसंच. ‘आफ्टर द गेस्ट्स लेफ्ट, वी वॉश्ड द प्लेट्स’ आणि ‘आफ्टर द गेस्ट्स हॅड लेफ्ट, वी वॉश्ड द प्लेट्स’ ही दोन्ही वाक्यं चालतात आणि अर्थात जवळजवळ फरक पडत नाही. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्तविक या चौघांचं 1985 सालचं जाडजूड इंग्रजी व्याकरण या विषयातला मोठा आधार मानलं जातं. ‘आफ्टर’पाशी दोन्ही रूपं एकमेकांच्या जागी येऊ शकतात, असं तेही सांगतं.

मग तिथे ‘हॅड’ लावून काय मिळतं? थोडा जोर मिळतो. डॉक्टर दारात पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं, ही भावना ‘हॅड डाइड’मध्ये जास्त ठळक होते. तो लिहिणाऱ्याच्या पसंतीचा प्रश्न आहे, चूक-बरोबरचा नाही. नुसत्या ‘डाइड’साठी मुलांचे गुण कापले जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं. एक तर उत्तर बरोबर असतं, आणि दुसरं म्हणजे त्या मुलाच्या मनात उलटाच नियम पक्का होतो: दोन घटना दिसल्या की एकीला ‘हॅड’ चिकटवा.

घडलं तसं सांगितलं, तर ‘हॅड’ला सुट्टी

ज्युलियस सीझरने झेलाच्या लढाईनंतर दिलेला निरोप जगप्रसिद्ध आहे: आलो, पाहिलं, जिंकलं. इसवीसनपूर्व 47 मधली ती लढाई. निरोपात तीन घटना आहेत, तीनही भूतकाळातल्या, आणि पहिली दुसरीच्या आधीची, दुसरी तिसरीच्या आधीची. ‘आधीचीला हॅड’ हा नियम खरा असता, तर इंग्रजीत हा निरोप सांगताना निदान पहिल्या दोन क्रियापदांना तो लावावा लागला असता. पण इंग्रजी तिन्ही ठिकाणी साधा भूतकाळ वापरते. ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने सांगितलं, की ऐकणारा क्रम आपोआप समजून घेतो.

‘शी लॉक्ड द डोअर, वेन्ट डाउनस्टेअर्स अँड कॉट अ रिक्षा.’ तिने दार लावलं, खाली गेली आणि रिक्षा पकडली. कुलूप आधी, जिना मग, रिक्षा शेवटी. इथे ‘शी हॅड लॉक्ड द डोअर अँड कॉट अ रिक्षा’ लिहिलं, तर वाचणारा थबकतो. हा ‘हॅड’ कोणत्या क्षणाच्या मागे बघायला सांगतोय? असा क्षण वाक्यात नाहीच.

मराठी हे काम किती सहज करते, ते बघण्यासारखं आहे. ‘दार लावून, खाली उतरून तिने रिक्षा पकडली.’ ‘लावून’, ‘उतरून’ या रूपांना काळच नाही. काळ फक्त शेवटच्या क्रियापदाला आहे आणि क्रम ‘ऊन’ने सांभाळला आहे. इंग्रजीत या ‘ऊन’ची जागा बहुतेक वेळा ‘अँड’ आणि साधा भूतकाळ घेतात. म्हणून मराठीत मनात ‘करून’ आलं, की इंग्रजीत ‘हॅड’ शोधायला जायचं नाही.

‘व्हेन’ आला की सावध

आता खरी परीक्षा. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ स्वतःच क्रम सांगतात. ‘व्हेन’ सांगत नाही. ‘व्हेन’ फक्त दोन घटना शेजारी आणून ठेवतो. आधी कोण, हे क्रियापदाच्या रूपालाच ठरवावं लागतं. म्हणून ‘हॅड’ गाळला तर अर्थ बिघडतो तो बहुतेक इथेच.

सोसायटीत रात्री धोक्याची घंटा वाजली आणि चौकशीत लेखी जबाब द्यायचा आहे, असं समजा. पहिला जबाब: ‘व्हेन द अलार्म रँग, द वॉचमन लेफ्ट द गेट.’ घंटा वाजली आणि ती ऐकून वॉचमनने फाटक सोडलं. कदाचित आवाजाच्या दिशेने धावला असेल. दुसरा जबाब: ‘व्हेन द अलार्म रँग, द वॉचमन हॅड लेफ्ट द गेट.’ घंटा वाजली तेव्हा फाटकावर कुणी नव्हतंच, तो आधीच निघून गेला होता. तिसरा: ‘व्हेन द अलार्म रँग, द वॉचमन वॉज लीव्हिंग द गेट.’ तो निघायच्या बेतात होता, पाऊल उचललेलं होतं. पहिल्या जबाबात वॉचमनला शाबासकी मिळू शकते आणि दुसऱ्यात त्याची नोकरी जाऊ शकते. घंटा तीच, फाटक तेच.

तपासायची युक्ती सोपी आहे. ‘व्हेन’ काढून तिथे ‘बाय द टाइम’ घाला, म्हणजे मराठीत ‘तोपर्यंत’. ‘घंटा वाजली तोपर्यंत वॉचमन निघून गेला होता’ असं म्हणायचं असेल, तर ‘हॅड’ हवाच. मग ‘ॲज सून ॲज’ घालून बघा, म्हणजे ‘वाजताच’. ‘घंटा वाजताच वॉचमन निघाला’ असं म्हणायचं असेल, तर ‘हॅड’ नको. दोन्ही बसतात असं वाटलं, तर वाक्य अजून धूसर आहे. आपल्याला नक्की काय सांगायचंय ते आधी ठरवायला हवं.

एक बारकावा मात्र या युक्तीतही निसटतो. ‘व्हेन’च्या बाजूची घटना क्षणात संपणारी असेल आणि तिच्या पाठोपाठ दुसरी घडली असेल, तर दोन्हीकडे साधा भूतकाळ पुरतो: ‘व्हेन आय ओपन्ड द लिड, द मिल्क बॉइल्ड ओव्हर.’ झाकण काढलं आणि दूध उतू गेलं. पण पहिली घटना वेळ खाणारी असेल आणि ती संपल्यावरच दुसरी सुरू झाली असेल, तर ‘व्हेन’च्या बाजूला ‘हॅड’ येतो. ‘व्हेन शी हॅड संग हर साँग, शी सॅट डाउन.’ गाणं पूर्ण म्हणून झालं, मग ती बसली. इथे ‘व्हेन शी संग’ म्हटलं, तर ती गाता गाताच बसली, असंही कुणाला वाटू शकतं.

तीन क्षणांचा हिशोब

‘हॅड’ नेमकं काय करतो, याचं सगळ्यांत स्वच्छ उत्तर एका व्याकरणकाराने नाही, तर तत्त्वज्ञाने दिलं. हान्स रायखेनबाख मूळचे जर्मन, पुढे कॅलिफोर्नियात शिकवत होते. 1947 मध्ये प्रतीकात्मक तर्कशास्त्रावरच्या पुस्तकात त्यांनी मांडलं, की प्रत्येक काळ समजायला तीन क्षण लागतात. एक घटना घडली तो क्षण. दुसरा आपण बोलतोय तो क्षण. आणि तिसरा, जो सहसा विसरला जातो, तो ज्या क्षणी उभं राहून आपण त्या घटनेकडे बघतो, तो.

साध्या भूतकाळात घडण्याचा आणि बघण्याचा क्षण एकच असतो. ‘द ट्रेन लेफ्ट’ म्हणताना आपण मनाने फलाटावर गाडी सुटण्याच्याच क्षणी उभे असतो. पूर्ण भूतकाळात मात्र आपण नंतरच्या एखाद्या क्षणी उभे असतो, तोही भूतकाळातलाच, आणि तिथून मान वळवून मागे बघतो. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ मी स्टेशनात पोचलो त्या क्षणी उभा आहे, समोर रिकामे रूळ आहेत, आणि गाडी त्याच्याही आधी गेलेली आहे.

यातून ‘हॅड’ची खरी अट कळते. भूतकाळात दोन घटना असणं पुरेसं नाही. त्यातल्या नंतरच्या घटनेपाशी उभं राहून, तिच्या पाठीमागे बघणं सुरू व्हायला हवं. सांगण्याचा ओघ पुढे चालला असेल तर साधा भूतकाळ, ओघ उलटा वळला तर ‘हॅड’.

‘आलो होतो’ आणि ‘हॅड कम’ ही जुळी भावंडं नाहीत

मराठी माणसाच्या इंग्रजीत ‘हॅड’ इतके का सांडतात, याचं कारण अज्ञान नाही. कारण मराठीत आहे, आणि ते फार सुरेख आहे.

‘मी काल पुण्याला गेलो होतो’ हे वाक्य घ्या. दुसरी कुठलीच घटना नाही, तरी ‘होतो’ आलंय, आणि मराठीत ते अगदी बरोबर आहे. इथे ‘होतो’ सांगतं, की गेलो आणि परतही आलो. जाण्याचा परिणाम आता उरलेला नाही. ‘शेजारच्या काकू आल्या होत्या’ म्हटलं, की काकू आता घरात नाहीत हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. ‘काकू आल्या’ म्हटलं, तर बहुधा चहा ठेवावा लागतो. मराठीतलं हे ‘होतं’ बहुतेक वेळा आजच्या दिवसाकडे बघून बोलतं: ती गोष्ट झाली आणि आता मिटली.

इंग्रजी ‘हॅड’ला आजशी देणंघेणं नाही. त्याला हवा असतो भूतकाळातला दुसरा क्षण. म्हणून ‘यस्टरडे आय हॅड गॉन टु पुणे’ हे एकटं वाक्य ऐकून परका इंग्रज पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो: गेला होतास, मग काय झालं? त्याला ते अर्धं वाक्य वाटतं. तिथे हवं साधं ‘आय वेन्ट’.

गंमत म्हणजे दुसरा क्षण वाक्यात असला, की मराठी आणि इंग्रजी लगेच एका सुरात बोलू लागतात. ‘आई आली तेव्हा मी जेवलो होतो’ याचं ‘व्हेन आई केम, आय हॅड ईटन’ हे नेमकं जुळतं. घोटाळा होतो तो एकट्या-दुकट्या ‘होतो’मुळे.

अशा घोटाळ्याचं एक पत्र सोडवून बघू. पत्र मी मुद्दाम रचलंय, पण अशी पत्रं रोज लिहिली जातात:

‘यस्टरडे आय हॅड गॉन टु द बँक. आय हॅड फिल्ड द फॉर्म अँड हॅड गिव्हन इट टु द क्लार्क. व्हेन आय हॅड रिटर्न्ड होम, आय हॅड सीन दॅट आय लेफ्ट माय पासबुक देअर.’

एकेक ‘हॅड’ हातात घ्या आणि विचारा: कुठल्या नंतरच्या क्षणी उभं राहून मागे बघतोय? बँकेत गेलो, फॉर्म भरला, क्लार्कला दिला. तिन्ही गोष्टी घडल्या त्याच क्रमाने सांगितल्या आहेत, मागे बघणं नाही. तिन्ही ‘हॅड’ गेले. घरी पोचलो आणि पाहिलं, हाही पुढेच जाणारा ओघ आहे. आणखी दोन गेले. आता शेवटचं वाक्य. पासबुक बँकेत राहिलं ते केव्हा? घरी येऊन पाहिलं त्याच्या आधी. आणि सांगितलं केव्हा? पाहिल्याच्या नंतर. इथे ओघ उलटा वळला. सबंध पत्रात ‘हॅड’ची खरी गरज फक्त याच जागी होती, आणि नेमका इथेच तो नाही!

दुरुस्त पत्र: ‘यस्टरडे आय वेन्ट टु द बँक, फिल्ड इन द फॉर्म अँड गेव्ह इट टु द क्लार्क. व्हेन आय गॉट होम, आय सॉ दॅट आय हॅड लेफ्ट माय पासबुक देअर.’ पाच ‘हॅड’ गेले, एक आला.

पाहिलं, कळलं, आठवलं, सांगितलं अशा अर्थाच्या क्रियापदांनंतर ‘दॅट’ आला की नेहमी थांबून बघावं. ‘सॉ दॅट’, ‘रिअलाइज्ड दॅट’, ‘रिमेम्बर्ड दॅट’ यांच्यापुढे बहुतेक वेळा आधी घडून गेलेलं काहीतरी येतं. तसंच ‘बिकॉज’नंतरही. कारण आधी घडतं, पण अनेकदा नंतर सांगितलं जातं: ‘द रोड वॉज वेट बिकॉज इट हॅड रेन्ड ॲट नाइट.’

भरभर काही नवल

शाळेतलं लाडकं ‘नो सूनर’ घ्या. ‘नो सूनर हॅड द बेल रंग दॅन द बॉइज रॅन आउट.’ घंटा आणि पळणं यांत श्वासाचंही अंतर नाही, तरी ‘हॅड’ आहे. ‘हार्डली हॅड’चंही तेच. म्हणजे दोन घटनांमध्ये किती वेळ गेला, याच्याशी ‘हॅड’चा संबंध नाही, हजार वर्षांचं अंतर असो की एका क्षणाचं. आणि ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन’ हेही शुद्धच आहे. तिथे ‘डिड’ असल्यामुळे क्रियापद मूळ रूपात, ‘रिंग’ राहतं. ‘डिड रंग’ होत नाही.

हजारेक वर्षांपूर्वीची जुनी इंग्रजी या बाबतीत बरीच निवांत होती. आधीची घटना सांगायला ती पुष्कळदा साधाच भूतकाळ वापरायची आणि शेजारी ‘आधी’ अशा अर्थाचा एक छोटा शब्द ठेवायची. आपण ‘आधीच’ म्हणून भागवतो, तसंच ते.

पोर्तुगीज भाषेत तर या काळासाठी वेगळा मदतनीस शब्द न घेताही काम होतं. ‘फालोउ’ म्हणजे बोलला, ‘फालारा’ म्हणजे त्याआधी बोलला होता. सगळं एका शब्दात. लॅटिनकडून आलेली ही ठेव आहे. बोलताना मात्र पोर्तुगीज माणसं आता ‘तिन्या फालादु’ असं दोन शब्दी रूपच वापरतात. एकशब्दी रूप मुख्यतः पुस्तकांत भेटतं.

ऐकताना इंग्रजी ‘हॅड’ अनेकदा नुसता ‘ड’ उरतो, आणि ‘वुड’चाही तसाच ‘ड’ उरतो. ‘ही’ड गॉन’ आणि ‘ही’ड गो’ यांत पहिला ‘हॅड’, दुसरा ‘वुड’. ओळखायचं पुढच्या क्रियापदावरून: तिसरं रूप आलं तर ‘हॅड’, मूळ रूप आलं तर ‘वुड’. ‘पुट’, ‘कट’, ‘हिट’ यांची तिन्ही रूपं सारखीच, त्यामुळे ‘ही’ड पुट’ ऐकून काहीच ठरत नाही. तिथे आजूबाजूचं वाक्यच कामी येतं.

आणि ‘हॅड’ नंतरच्या घटनेला लागतो तेव्हा

आता एक वाक्य असं, जे पाठ केलेल्या नियमाला आडवं पाडतं. ‘द वेटर टुक माय प्लेट बिफोर आय हॅड फिनिश्ड.’ वेटरने ताट उचललं, माझं जेवण संपण्याआधीच. यात आधीची घटना कोणती? ताट उचलणं. तिला साधा भूतकाळ आहे. आणि ‘हॅड’ लागलाय जेवण संपण्याला, जे नंतर व्हायचं होतं, आणि कदाचित झालंच नाही. ‘आधीचीला हॅड’ हा नियम इथे पूर्ण उलटा पडतो, तरी वाक्य निर्दोष आहे.

असं का होतं? ‘बिफोर’नंतरचा ‘हॅड’ इथे क्रम सांगत नाही, पूर्णता सांगतो. ताट गेलं तेव्हा जेवण पूर्ण झालेलं नव्हतं, यावर त्याचा सगळा भर आहे. म्हणूनच तो ‘फिनिश’सारख्या, पूर्ण व्हायला वेळ लागणाऱ्या क्रियांपाशी जास्त भेटतो: ‘शी हंग अप बिफोर आय हॅड एक्स्प्लेन्ड’, मी सगळं समजावून सांगण्याआधीच तिने फोन ठेवला. ‘बिफोर आय एक्स्प्लेन्ड’ म्हटलं तरी चुकत नाही. फक्त तेव्हा ‘समजावणं अर्धवट राहिलं’ हे तितक्या जोराने पोचत नाही. मराठीत हाच जोर आपण ‘होण्याआधीच’मधल्या ‘च’ने देतो: माझं सांगून होण्याआधीच तिने फोन ठेवला, माझं जेवून होण्याआधीच ताट गेलं.